आधी ब्लाउज उलटा करून बघा

नाशिकमधल्या एका बुटीकवाल्या ताईंनी परवा त्यांची मागच्या वर्षीची रील मला दाखवली. सिनेमातलं गाणं, गोल गिरक्या घेणारी मॉडेल, पाठीवर झुलणारे लटकन आणि शेवटी मोठ्या अक्षरांत ‘ब्लाउज फक्त 3 दिवसांत’. रील चांगली चालली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दुकानात 70 ऑर्डरी आल्या, आणि पुढे काय झालं ते सांगताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एका नवरीचा ब्लाउज हळदीच्या दिवशी हुकांविना गेला, तिच्या मावशीने कार्यालयातच टाके घातले. जानेवारीतही बायका मोबाइल पुढे करत होत्या, “ताई, तुम्हीच तर म्हणालात तीन दिवस.”

मी छोट्या दुकानांसाठी रील लिहिते. यंदाची लिहून द्या म्हणून ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा मी त्यांच्याकडून सगळ्यांत आधी ऑर्डरवही मागितली. लग्नसराईच्या रीलमध्ये दोनच गोष्टी सांगायच्या असतात. काम कसं आहे आणि माल कधी मिळेल. काम कसं आहे ते कॅमेरा दाखवतो. कधी मिळेल त्याचं उत्तर मात्र वहीतच सापडतं, आणि ते सापडल्याशिवाय संहितेचं एक वाक्यही लिहिता येत नाही.

ताई स्वतः माप घेतात आणि बेततात. दोन जणी मशीनवर बसतात. एक काकू हातशिलाई करतात, म्हणजे हुक, तुरपाई, नॉट, लटकन. आरी वर्क बाहेरच्या दोन कारागिरांकडे जातं. मशीनवरच्या दोघी मिळून दिवसाला अस्तराचे 6 ब्लाउज शिवतात, म्हणून ताईंच्या डोक्यात नेहमी सहाचाच हिशेब असायचा. पण काकूंच्या हातून दिवसाला पाचच ब्लाउज पुरे होतात, आणि ट्रायलनंतर उसवून पुन्हा शिवायचे धरले तर चारच. मशीन कितीही भरभर चालली तरी दुकानाबाहेर पडणारे ब्लाउज चार. गेल्या वर्षी घोटाळा इथेच झाला होता. शिवलेल्या ब्लाउजांचा ढीग काकूंपाशी अडकला होता आणि ताई मशीनवरच्या दोघींना रात्री थांबवून घेत होत्या.

मग दिवस मोजले. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नाच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारण 32 दिवस मिळतात. आश्विन शुद्ध दशमी ते अमावास्या 20 आणि पुढे कार्तिक शुद्ध द्वादशीपर्यंत 12. समजा दसरा 20 ऑक्टोबरला आहे, तर पहिले मुहूर्त 21 नोव्हेंबरपासून. 21 ऑक्टोबर ते 20 नोव्हेंबर हे 31 दिवस झाले. त्यातून दिवाळीचे 6 आणि आठवड्याच्या सुट्टीचे 4 वजा केले की 21 उरतात. रोज चारप्रमाणे 84 ब्लाउज. 22 ऑर्डरी आधीच वहीत होत्या. शिवाय लग्नघरातून आयत्या वेळी आत्याचा, करवलीचा ब्लाउज येतोच आणि नवरीमुळे त्याला नाही म्हणता येत नाही. त्यासाठी आणि बिघडलेलं काम पुन्हा करण्यासाठी 12 जागा मोकळ्या ठेवल्या. नव्या ऑर्डरींसाठी उरले 50.

आरी वर्कचा हिशेब वेगळा. हे भरतकाम शिवण्याआधी होतं. मापाप्रमाणे गळा आणि बाही कापडावर आखायची, कापड लाकडी अड्ड्यावर ताणून बसवायचं आणि आकड्यासारख्या सुईने वरून टाके ओढायचे. मागचा गळा आणि दोन्ही बाह्या मध्यम भरायच्या तर एका कारागिराचे तीन दिवस जातात. 13 नोव्हेंबरला भरलेलं कापड हातात यायला हवं, तरच पुढे बेतणं, शिवणं आणि ट्रायल होईल. म्हणजे कामाचे 15 दिवस, दोन कारागीर, एका ब्लाउजला तीन दिवस. झाले 10. त्या पन्नासातले 10 आरीचे आणि 40 साधे.

हे आकडे कागदावर उतरले तेव्हा ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे गेल्या वर्षी मी जे बोलले ते कधी जमणारच नव्हतं.”

वचनाचे शब्द कसे ठेवायचे, यावर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला. ‘10 दिवसांत’ असं रीलमध्ये कधीही लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. रील एकदा सोडली की ती आठवडेच्या आठवडे फिरत राहते. दुकान रिकामं असताना दिलेलं दहा दिवसांचं वचन दुकान भरल्यावरही तितक्याच जोरात बोलत असतं. कॅलेंडरातली तारीख दिली तर ते वचन आपोआप संपतं. ‘1 नोव्हेंबरपर्यंत’ असं ऐकलेली बाई डिसेंबरात ती रील दाखवून भांडत नाही.

शिवाय दिवस मोजायला सुरुवात कधीपासून, हे गिऱ्हाईक आणि शिंपी नेहमी वेगवेगळं धरतात. गिऱ्हाईक फोन केला त्या दिवसापासून मोजतं, शिंपी कापड हातात आल्यापासून. आणि कापड आलं तरी गळ्याचं डिझाइन ठरलेलं नसतं. आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येत राहतात आणि तो आठवडा शिंप्याच्या खात्यात जमा होतो. म्हणून संहितेत तिन्ही गोष्टी नावानिशी आल्या पाहिजेत. माप, कापड आणि पक्कं डिझाइन. तिन्ही आल्या की घड्याळ सुरू.

शेवटी प्रश्न उरतो, तारीख चुकली तर काय. ताईंना आधी ‘पैसे परत’ म्हणायचं होतं. मी विचारलं, उद्या लग्न असलेल्या मुलीला आगाऊ दिलेले 500 रुपये परत मिळून काय उपयोग? तिला ब्लाउज हवा असतो. तिचा खरा आधार म्हणजे लवकर झालेली ट्रायल. ट्रायल 16 नोव्हेंबरच्या आत झाली तर चूक सुधारायला चार दिवस हातात राहतात. म्हणून ट्रायलची तारीखही वचनाचाच भाग करायची ठरली. त्याच्या जोडीला, दुकानाकडून उशीर झाला तर शिलाई घ्यायची नाही, ही अट ताईंनी स्वतः सुचवली. 50 पैकी दोन-तीन ब्लाउजांची शिलाई सोडावी लागली तरी झेपेल, हे त्यांनी मनाशी मोजून पाहिलं होतं. झेपणार नाही ती भरपाई रीलमध्ये बोलू नये.

याला कायद्याचीही बाजू आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोटी हमी देणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात धरली जाते, आणि गल्लीतल्या दुकानाची रील ही जाहिरातच आहे. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दाव्याला जोडलेली अट दाव्याच्याच भाषेत, तशाच अक्षरांत, सहज दिसेल अशी असावी लागते. दावा आवाजात असेल तर अट त्याच वेळी पडद्यावर दिसली पाहिजे. वचन मराठीत मोठ्याने बोलायचं आणि ‘अटी लागू’ इंग्रजीत कोपऱ्यात बारीक टाकायचं, हे चालत नाही. आमची अट वचनाच्या वाक्यातच बसली होती, त्यामुळे वेगळी ओळ लागली नाही.

आता काम कसं दाखवायचं ते. गिरकी घेणारी मॉडेल सगळ्याच दुकानांकडे असते, आणि तिच्या पाठीवरचा गळा बघून शिलाईबद्दल काहीच कळत नाही. ज्या बाईने आयुष्यात चार शिंपी बदलले आहेत ती ब्लाउज हातात घेते तेव्हा पहिल्यांदा काय करते, ते आठवून बघा. ती तो उलटा करते. मार्जिन किती सोडलंय, अस्तर सपाट बसलंय की कुठे गोळा झालंय, कडा इंटरलॉक केल्यात की धागे निघतायत, हुकांजवळ टाके किती घट्ट आहेत. आमची रील तिथूनच सुरू झाली.

आरी वर्कची खातरजमाही उलट्या बाजूनेच होते. कॉम्प्युटरच्या मशीनवर भरलेल्या कापडामागे बहुतेक वेळा खालच्या बॉबिनचा दोरा, बऱ्याचदा पांढरा, सगळीकडे सारखा दिसतो आणि कागदासारखं आधाराचं कापड चिकटलेलं असतं. हाताच्या आरीमागे धाग्यांची सलग, थोडी वेडीवाकडी धाव आणि मध्ये मध्ये गाठी दिसतात. मशीनवरचं भरतकाम वाईट असतं असं नाही. ते स्वस्त पडतं आणि लवकर होतं. पण ते दाखवून तोंडाने ‘हाताचं काम’ म्हणणारी रील जाणत्या डोळ्यांना दोन सेकंदांत कळते. ताईंकडे दोन्ही होतं. रीलमध्ये फक्त हाताचं घ्यायचं आणि तेच नाव द्यायचं, असं ठरलं.

कसबाची तिसरी गोष्ट आम्ही पैठणीतून घेतली, कारण येवल्याच्या जवळ असल्याने ताईंकडे पैठणीचे ब्लाउज खूप येतात. काठावरचे मोर एकाच दिशेला तोंड करून ओळीने चाललेले असतात. एकाच काठावरून दोन्ही बाह्या कापल्या तर एका हातावरचे मोर पुढे बघतात आणि दुसऱ्यावरचे मागे. ब्लाउज पिसाला दोन्ही कडांना काठ असेल आणि त्यांवरचे मोर आरशातल्यासारखे विणलेले असतील, तर एक बाही या काठावरून आणि दुसरी समोरच्या काठावरून घेता येते. मग दोन्हीकडचे मोर पुढेच बघतात. काठ एकाच बाजूला असेल तर हे होत नाही, आणि तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगावं लागतं. कात्री लागल्यावर हे सुधारता येत नाही. म्हणून ताई दोन्ही बाह्यांचे कागदी बेत आधी कापडावर मांडून बघतात. ते दृश्य बघताना माझेच हात थबकले होते.

मांडलेले बेत, त्यांच्या कडेने फिरलेला खडू आणि मग कात्री. या पाच सेकंदांत मी एकही शब्द ठेवला नाही. रेशमातून जाणाऱ्या कात्रीचा आवाज तसाच ठेवला. गाण्याचा मोह ताईंना फार होता. पण व्यवसायाच्या खात्यावरून सिनेमाचं गाणं वापरायला हक्काची परवानगी लागते, आणि तसं गाणं टाकलं की रीलचा आवाज बंद होण्याची किंवा रीलच उडण्याची भीती असते. कात्रीचा आवाज आपल्याच मालकीचा.

बोलायचे शब्द किती, हे सेकंदांवरून ठरतं. मराठी निवांत बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात. मी 38 सेकंद धरले आणि कात्रीचे पाच वगळले. राहिले 33, म्हणजे जास्तीत जास्त 65 शब्द. माझा पहिला मसुदा 140 शब्दांचा होता. त्यातून ‘आपल्या खास क्षणांसाठी’, ‘परंपरा आणि आधुनिकतेचा संगम’ असली वाक्यं गेली. ती कुठल्याही दुकानाच्या रीलमध्ये चालली असती. उरलं ते असं, आणि बोलणार ताई स्वतः.

“आधी ब्लाउज उलटा करून बघा. बाजूच्या शिवणीत दीड इंच मार्जिन आहे, पुढे सैल करायचा झाला तर करता येईल. अस्तर भिजवून, वाळवून, मगच कापलंय.” इथे कात्री. “16 नोव्हेंबरच्या आत ट्रायल. जे खटकेल ते तिथंच सांगा. 1 नोव्हेंबरपर्यंत माप, कापड आणि डिझाइन पक्कं झालं, तर 20 नोव्हेंबरला ब्लाउज हातात. आरी वर्कच्या दहाच ऑर्डरी, 25 ऑक्टोबरपर्यंत. आमच्याकडून तारीख चुकली, तर शिलाई घेणार नाही.”

पहिल्या वाक्याला ताईंच्या हातात तयार ब्लाउज असतो आणि त्या तो खरंच उलटा करतात. पहिल्या तीन सेकंदांत बोटांची ही हालचाल दिसली की बघणारी थांबते, कारण ही हालचाल तिच्या ओळखीची असते. मग शिवण दोन बोटांनी उघडून मार्जिनवर टेप ठेवायचा. आकडा बोलला जातो त्याच क्षणी टेपवर तो वाचताही आला पाहिजे. अस्तराच्या वाक्याला बादलीत भिजलेलं सुती कापड आणि दोरीवर वाळणारी रांग. सुती अस्तर पाण्याने आणि वाफेच्या इस्त्रीने आटतं, वरचं रेशीम तितकं आटत नाही, आणि मग ब्लाउज आतून ओढल्यासारखा दिसतो. हे सगळं समजावायला वेळ नव्हता. वाळणारी रांग पुरेशी होती.

ट्रायलचं दृश्य सहसा कुणी घेत नाही, कारण त्यात चूक दिसते. आम्ही मुद्दाम घेतलं. मुंढ्याजवळ चुणी पडलीय, ताई टाचणी लावतात, खडूने खूण करतात. वेळेचं वचन खरं कशावर उभं आहे, ते या एका दृश्यात कळतं. शेवटी ब्लाउजला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर ताईंच्या अक्षरात तारीख. ही चिठ्ठी रीलपुरती लिहिलेली नव्हती. दुकानात प्रत्येक ब्लाउजला ती असतेच.

बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून तारखा पडद्यावर लिहिणं भाग होतं. पण उभ्या रीलच्या खालच्या साधारण एक-तृतीयांश भागावर खात्याचं नाव, मजकूर आणि बटणं येतात, उजवीकडेही बटणांची रांग असते. गेल्या वर्षीचं ‘3 दिवसांत’ अर्धं त्यांच्याखालीच गेलं होतं. आम्ही तारखा पडद्याच्या मध्याच्या जरा वर ठेवल्या आणि प्रत्येकीला किमान तीन सेकंद दिले. मोठ्याने एकदा वाचून होईल इतका वेळ अक्षरं थांबली पाहिजेत, ही माझी साधी कसोटी.

चित्रीकरणात एकच अडचण आली. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जर पांढरी पडत होती आणि चित्रात पट्टे हलताना दिसत होते. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून कॅमेऱ्याचा शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवला की हे पट्टे बहुतेक वेळा जातात. आम्ही टेबलच खिडकीशी ओढलं आणि सकाळी 9 ते 11 मध्ये काम उरकलं. दिवस पितृपक्षाचे होते. तेव्हा लग्नाची खरेदी कुणी काढत नाही, दुकान शांत असतं आणि काकूंनाही कॅमेऱ्यासमोर बसायला सवड असते. रील घटस्थापनेला सोडायची ठरली, म्हणजे दसऱ्याच्या आधीचे नऊ दिवस मिळतात.

दाखवलेला पैठणीचा ब्लाउज एका मुलीचा होता. तिचं लग्न आधीच झालं होतं आणि तिने परवानगी दिली होती. लग्न व्हायचं असलेल्या मुलीचा ब्लाउज दाखवू नये, तिने हो म्हटलं तरी. तो सासरच्या माणसांनी पहिल्यांदा मांडवात बघावा, असं तिच्या आईला वाटत असतं आणि ती हे बोलून दाखवत नाही.

रील सुटल्यानंतर काय करायचं तेही संहितेच्या शेवटच्या पानावर लिहिलं. रोज रात्री वहीतल्या नव्या ऑर्डरी मोजायच्या. आरीच्या दहा भरल्या की त्याच रात्री रीलखालच्या मजकुराची पहिली ओळ बदलायची, ‘आरी वर्कच्या ऑर्डरी भरल्या’. पन्नास भरल्या तर 1 नोव्हेंबरची वाट न बघता ‘पहिल्या मुहूर्तांसाठी ऑर्डर बंद’ असं लिहायचं आणि खात्यावर सगळ्यांत वर लावलेली रील तिथून काढायची. त्यापुढे येणाऱ्या प्रत्येकीला तिच्या लग्नाची तारीख विचारून, वही उघडून, मगच उत्तर द्यायचं.

आरीची दहावी ऑर्डर 22 ऑक्टोबरच्या संध्याकाळी आली. अकरावी बाई दुकानात उभी होती तेव्हा ताईंचा फोन आला. तिचं लग्न 28 नोव्हेंबरला होतं, ती जास्त पैसे द्यायला तयार होती. ताईंनी तिला मागच्या गळ्याला कॉन्ट्रास्ट पायपिंग आणि हाताने बनवलेले लटकन असा साधा ब्लाउज सुचवला, वहीतल्या चाळीस साध्यांपैकी एकविसावी जागा तिला दिली आणि चिठ्ठीवर तारीख लिहिली.